रजेचा दिवस ७०० रुपयांचा, नोटीसचा १,४०० चा: अंतिम हिशेब कसा तपासायचा

प्रश्न: वाळूजमधल्या एका कंपनीत प्रॉडक्शन इंजिनिअर होतो. ग्रॉस ४२,०००, त्यात बेसिक २१,०००. नेमणूकपत्रात ६० दिवसांची नोटीस आहे. राजीनाम्याचा मेल ६ एप्रिलला टाकला, मंजुरीचा मेल ९ एप्रिलला आला, २० मेला सुटलो. मधे घरच्या लग्नासाठी ३ दिवस पी.एल. घेतली. मार्चच्या पगारपत्रकावर शिल्लक रजा २७.५ होती. आता हिशेबात रजेचे २२ × ७०० = १५,४०० दिलेत आणि नोटीसचे १९ × १,४०० = २६,६०० कापलेत. रजा कमी कशी झाली? आणि माझा एक दिवस देताना ७०० चा नि घेताना १,४०० चा कसा?

उत्तर:

थोडक्यात सांगायचं तर रजेचे २२ दिवस बहुधा बरोबर आहेत, नोटीसचे १९ दिवस बहुधा चूक आहेत, आणि ७०० विरुद्ध १,४०० चा निकाल तुमच्या नेमणूकपत्रातल्या एका शब्दावर लागेल. रागाचं कारण दर असला तरी तपासणी दरापासून सुरू करू नका. आधी दिवस मोजा. दिवस कॅलेंडरवर बोट ठेवून दाखवता येतात, दराबद्दल वाद घालावा लागतो.

नोटीसपासून सुरुवात करू. मेल ६ एप्रिलला पोचला. तो दिवस सोडून ७ तारखेपासून मोजायची सर्वसाधारण पद्धत आहे. एप्रिलचे २४ दिवस आणि मेचे २०, म्हणजे ४४ दिवस नोटीस भरली. साठावा दिवस ५ जूनला येतो. २१ मे ते ५ जून हे १६ दिवस कमी पडले. कंपनीने १९ धरलेत, म्हणजे ३ जास्त.

हे ३ कुठून आले, ते नेमकं शोधा, कारण तुमच्या बाबतीत त्याची दोन उत्तरं निघतात आणि दोन्हींत आकडा ३ च येतो. पहिली शक्यता अशी की एचआरने मोजणी ६ एप्रिलऐवजी मंजुरीच्या ९ एप्रिलपासून केली. तसं केलं तर भरलेले दिवस ४१ होतात आणि तूट १९. दुसरी शक्यता अशी की लग्नासाठी घेतलेले ३ दिवस 'नोटीस भरली नाही' म्हणून वजा केले. हिशेबाच्या कागदावर फक्त '१९ दिवस' एवढंच छापलेलं असतं, त्यामुळे कोणती चूक झाली हे कागद बघून कळत नाही. 'नोटीस कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत धरली आणि मधले कोणते दिवस वगळले' एवढंच लेखी विचारा.

मंजुरीच्या तारखेपासून मोजलं असेल तर तुमची बाजू मजबूत आहे. नोटीस म्हणजे 'मी जातोय' ही सूचना, आणि ती समोरच्याला पोचली की तिचे दिवस सुरू होतात. साहेबांनी मेल उघडायला किंवा 'अॅक्सेप्टेड' म्हणायला तीन दिवस लावले तर ते तीन दिवस तुमच्या खात्यावर पडत नाहीत. नेमणूकपत्रात 'राजीनामा स्वीकारल्याच्या तारखेपासून' असं स्पष्ट लिहिलं असेल तर गोष्ट वेगळी. पण राजीनामा नुसता पोर्टलवर टाकला असेल आणि मेल केला नसेल, तर पोर्टलवरची नोंदीची तारीखच तुमचा पुरावा. लॉगिन बंद व्हायच्या आत त्याचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवायला हवा होता. घेतला नसेल तर एचआरकडे त्या नोंदीची प्रत मागा.

रजेमुळे कापले असतील तर एचआर धोरण बघावं लागेल. बऱ्याच धोरणांत 'नोटीस काळात रजा घेतल्यास नोटीस तेवढ्या दिवसांनी वाढेल' असं कलम असतं. ते असेल आणि तुम्हाला दिलेल्या कागदपत्रांत असेल तर कंपनीचं म्हणणं टिकतं. तसं कलम नसेल तर मंजूर पगारी रजेचा दिवस हा नोकरीतलाच दिवस आहे आणि तो नोटीसमध्ये मोजला जातो. एक गोष्ट मात्र नक्की बघा. त्या ३ दिवसांचा पगार मिळालाय ना? पी.एल. मधून ३ वजा झाले, शिवाय पगारातही बिनपगारी दाखवले आणि वर नोटीसमध्येही धरले, असं तिहेरी झालेलं असू शकतं. लग्नसराईत राजीनामा दिलेल्यांच्या कागदांत हे हमखास सापडतं, कारण हजेरीची मशीन, रजेची नोंद आणि नोटीसची मोजणी अशा तीन ठिकाणी तीन माणसं काम करत असतात.

त्याहून मोठा एक प्रश्न आहे, जो लोक विचारतच नाहीत: २० मे ही तारीख कुणी ठरवली? तुम्ही 'मला २० मेला सोडा' म्हणालात तर उरलेल्या दिवसांची वसुली कंपनी करू शकते. पण तुम्ही ५ जूनपर्यंत यायला तयार होता आणि कंपनीनेच 'नवा माणूस आला, तुम्ही २० लाच मोकळे व्हा' म्हटलं असेल, तर वसुलीच बसत नाही. नोटीस भरू देणं कंपनीने थांबवलं, तुम्ही मोडली नाही. रिलीव्हिंगचा मेल काढून त्यातलं वाक्य वाचा. 'अॅज पर युवर रिक्वेस्ट' असं लिहिलंय का, आणि ती विनंती तुम्ही खरोखर केली होती का, यावर पूर्ण २६,६०० चा फैसला आहे.

आता रजेचे दिवस. पगारपत्रकावरचा 'शिल्लक रजा' हा आकडा पुष्कळदा सगळ्या रजांची बेरीज असतो. पी.एल. आणि सी.एल. वेगळ्या छापल्या नसतील तर २७.५ मध्ये दोन्ही असणार. तुमच्याकडे वर्षाला १८ पी.एल., म्हणजे महिन्याला दीड जमा होत असेल, तर हिशेब असा जुळतो: २७.५ मधून लग्नाचे ३ गेले, २४.५ राहिले. एप्रिलचे १.५ आले, २६ झाले. कंपनीने २२ दिले, म्हणजे ४ कमी. हे ४ म्हणजे सी.एल. असणार. सी.एल. ही गरजेपुरती घ्यायची रजा, ती वर्षाअखेर संपते आणि सहसा तिचे पैसे मिळत नाहीत. दुकाने व आस्थापनांसाठीच्या महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यातसुद्धा वर्षाच्या ८ सी.एल. न वापरल्यास वर्षाअखेरीस बुडतात, पी.एल. मात्र ४५ दिवसांपर्यंत साठते. तेव्हा लीव्ह लेजर मागवून मार्चअखेर पी.एल. २३.५ आणि सी.एल. ४ होत्या का, एवढं पडताळा. तसं असेल तर २२ ला हरकत घेऊ नका, कंपनी बरोबर असलेल्या जागी उगाच भांडून खऱ्या मुद्द्याचा भाव कमी होतो.

मेच्या २० दिवसांची रजा दिलेली दिसत नाही. कंपनीच्या धोरणात 'महिना पूर्ण भरल्यावरच जमा' असेल तर ते तिच्या जागी बरोबर, पण कायद्याने ठरवलेल्या किमान रजेपेक्षा ती कमी पडायला नको. कारखान्यातल्या कामगाराला कामाच्या दर २० दिवसांमागे १ दिवस रजा मिळते. नोकरी सोडताना चालू वर्षाची रजा त्याने प्रत्यक्ष काम केलेल्या दिवसांवर मोजली जाते, वर्षाचे किमान कामाचे दिवस भरले नसले तरी. १ जानेवारी ते २० मे हे १४० दिवस होतात. त्यातून साप्ताहिक सुट्ट्या, सण आणि रजा वगळून समजा ११२ दिवस काम झालं. ११२ भागिले २० म्हणजे ५.६. अर्धा दिवस किंवा त्याहून जास्त असेल तर पूर्ण दिवस धरतात, म्हणून ६. कंपनीने चार महिन्यांचे दीडप्रमाणे ६ च दिलेत. इथे तुमचं काही बुडालं नाही. हीच कंपनी महिन्याला एकच रजा देत असती, तर चार महिन्यांचे ४ झाले असते आणि हा मुद्दा कामाला आला असता.

इथे 'परिस्थितीवर अवलंबून' म्हणायची जागा येते. कायद्याची ही रेषा 'कामगार' या व्याख्येत बसणाऱ्याला लागू होते. कारखाना कायदा १९४८ मध्ये वर्षाला २४० दिवस कामाची अट होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संहितेत ती १८० दिवसांवर आली, ३० दिवसांपर्यंत रजा पुढे नेण्याची मुभा कायम आहे. पण पर्यवेक्षक म्हणून काम करणारा आणि महिन्याला १८,००० रुपयांपेक्षा जास्त वेतन घेणारा माणूस नव्या व्याख्येबाहेर जातो. व्यवस्थापकीय काम करणाराही बाहेर. पदाचं नाव यात महत्त्वाचं नाही. 'इंजिनिअर' लिहिलेलं असूनही तुम्ही स्वतः मशीनवर सेटिंग, तपासणी करत असाल तर कामगार ठरू शकता. दहा जणांची शिफ्ट लावत असाल, त्यांची रजा मंजूर करत असाल, तर नाही. कामगार नसाल तर नेमणूकपत्र आणि धोरण हाच तुमचा कायदा. आणि कामगार असाल तर नोटीसच्या ६० दिवसांबाबतही कारखान्याचे स्थायी आदेश, म्हणजे नोकरीच्या अटींची नियमावली, आधी वाचा. त्यात नोटीस कमी असेल तर नेमणूकपत्रातले ६० दिवस लादता येणं अवघड जातं.

आता तुमचा खरा राग, दराचा. एकाच माणसाचा दिवस दोन भावांनी धरलाय हे दिसायला विचित्र आहे, पण आपोआप बेकायदा नाही. रजेचा दर रजेच्या धोरणातून येतो आणि नोटीसचा दर नेमणूकपत्रातून. दोन वेगळे कागद, दोन वेगळी वाक्यं. म्हणून नेमणूकपत्रात नोटीसचं कलम काढा आणि 'नोटीसऐवजी' याच्या पुढचा शब्द बघा. 'बेसिक' असेल तर दर ७०० होतो आणि १६ दिवसांची वसुली ११,२०० वर येते. 'ग्रॉस' असेल तर १,४०० चा दर बरोबर, वसुली २२,४००. नुसतं 'सॅलरी' असेल तर खरा वाद तिथे आहे. त्या वादात तुमच्याकडे एक चांगला मुद्दा आहे: कंपनीने तुम्हाला एक महिना आधी काढलं असतं तर तिने नोटीसचा पगार बेसिकवर दिला असता की ग्रॉसवर? तेच कलम दोघांनाही लागू असतं, म्हणून हा प्रश्न मेलमध्ये जरूर घाला. 'आम्ही बेसिकच देतो' असं उत्तर आलं तर वसुलीही बेसिकवर व्हायला हवी.

रजेच्या दराचंही तसंच. धोरणात 'बेसिकवर' लिहिलं असेल आणि तुम्ही कामगाराच्या व्याख्येबाहेर असाल, तर ते पाळावं लागतं. कामगारांसाठी जुन्या कारखाना कायद्यात रजेचा दर 'आधीच्या महिन्यात प्रत्यक्ष काम केलेल्या दिवसांची सरासरी पूर्ण कमाई' असा होता, फक्त ओव्हरटाइम आणि बोनस वगळून. बेसिकपुरतं थांबायची सोय त्यात नव्हती. नव्या वेतनसंहितेत वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग वेतनात परत धरतात. तुमचं बेसिक बरोबर निम्मं आहे, म्हणून या नियमाने तुम्हाला फरक पडत नाही. ४२,००० मध्ये बेसिक १५,००० असलेल्या सहकाऱ्याला पडेल: त्याचे भत्ते २७,००० होतात, निम्म्याच्या वरचे ६,००० वेतनात जातात आणि वेतन २१,००० धरलं जातं.

राहिला भागाकार. ३० ने भागायचं की २६ ने, यावर कट्ट्यावर कायम भांडण. '२६ चा कायदाच आहे' असं सांगणारे बहुतेक ग्रॅच्युइटीचं सूत्र रजेला लावत असतात. २६ ही संख्या ग्रॅच्युइटीच्या कायद्यात लिहिलेली आहे, तुमच्या रजेच्या दरात ती आपोआप येत नाही. पण तर्क २६ च्याच बाजूने आहे आणि तो समजून घेण्यासारखा आहे. नोटीसचे ६० दिवस कॅलेंडरचे असतात, त्यात रविवार आले, सण आले. म्हणून नोटीसचा दर ३० ने भागून काढणं योग्य. रजा मात्र कामाच्या दिवसांची खर्ची पडते. तुम्ही महिनाभर सुट्टीवर गेलात तर खात्यातून साधारण २६ रजा जातात आणि पूर्ण महिन्याचा पगार मिळतो. त्याच २६ रजांचे पैसे घेतले आणि ३० ने भागले तर महिन्याच्या २६/३० च मिळतात. २६ ने भागलं तर तुमचे २२ दिवस ८०७.६९ दराने सुमारे १७,७६९ होतात, म्हणजे २,३६९ जास्त. हे मागता येतं, पण हक्काने नाही. धोरणात ३० छापलेलं असेल तर मुद्दा सोडा. धोरण गप्प असेल तर कंपनी बिनपगारी दिवस कापताना कितीने भागते ते जुन्या पगारपत्रकात बघा. कापताना २६ आणि देताना ३०, असं दिसलं तर मात्र जरूर लिहा.

उलटी चूकही होते आणि ती जास्त महाग पडते. नोटीस कॅलेंडरच्या दिवसांत मोजून दर ग्रॉस भागिले २६ ने लावतात. तसं केलं तर ६० दिवसांच्या नोटीसची किंमत दोन महिन्यांऐवजी जवळपास सव्वादोन महिन्यांचा पगार होते. तुमच्याकडे १,४०० म्हणजे ४२,००० भागिले ३०, ही चूक झालेली नाही. मेच्या २० दिवसांचा पगार मात्र ३१ ने भागला असेल, म्हणजे सुमारे २७,०९७. महिन्याच्या प्रत्यक्ष दिवसांनी पगार काढायची पद्धत कंपनीत आधीपासून असेल तर त्यात वावगं नाही.

कपातींच्या रकान्यावरही एक नजर टाका. नोकरी सोडताना मिळालेले रजेचे पैसे खाजगी नोकरदाराला ठरावीक मर्यादेत करमुक्त असतात, आणि १ एप्रिल २०२३ पासून त्यातली आयुष्यभराची एकूण मर्यादा २५ लाख आहे. १५,४०० वर टीडीएस कापलेला असेल तर तो परत करायला सांगा. या रकमेवर पी.एफ. कापण्याचा मुद्दा सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्येच निकाली काढला: रजेचे पैसे बेसिक वेतनात येत नाहीत. आणि नोटीसच्या वसुलीवर १८ टक्के जीएसटी लावलेला असेल तर तोही काढायला लावा. ३ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाने अशा वसुलीवर जीएसटी नाही हे स्पष्ट झालेलं आहे. जुन्या सॉफ्टवेअरमधून अजून ती ओळ छापून येते.

एचआरला पाठवायचा मेल लांबलचक नको. तुमच्या आकड्यांवर तो असा होईल:

"राजीनामा ६ एप्रिलला मिळाला, शेवटचा दिवस २० मे. माझ्या मोजणीने ४४ दिवस नोटीस पूर्ण, तूट १६ दिवस. हिशेबात १९ आहे. कृपया (१) नोटीसची सुरुवातीची व शेवटची धरलेली तारीख आणि वगळलेले दिवस, (२) नोटीसचा दर ज्या कलमावर आधारित आहे ते कलम, (३) जानेवारीपासूनचं पी.एल. व सी.एल.चं वेगळं लेजर पाठवावं. ३ दिवसांचे ४,२०० रुपये परत मिळावेत. हे स्पष्ट होईपर्यंत हिशेब अंतिम म्हणून मान्य नाही."

सहीसाठी पत्रक समोर आलं तर 'हरकत राखून' असं सहीच्या वर हाताने लिहा आणि फोटो काढा. 'माझं काहीही येणं बाकी नाही' हे वाक्य छापलेलं असतं, ते वाचल्याशिवाय सही नको. नव्या वेतनसंहितेप्रमाणे राजीनाम्यानंतरचं वेतन दोन कामकाजी दिवसांत द्यायचं असतं. कंपन्या महिना-दीड महिन्यावर बोट ठेवतात, ती त्यांची सवय झाली. आठवडाभरात उत्तर आलं नाही आणि तुम्ही कामगार असाल तर छत्रपती संभाजीनगरच्या कामगार उपायुक्त कार्यालयात मेलची प्रत, नेमणूकपत्र, तीन महिन्यांची पगारपत्रकं आणि हिशेबाचं पत्रक जोडून अर्ज द्या. कामगार नसाल तर वकिलाची नोटीस हा मार्ग. फक्त ४,२०० साठी तो परवडत नाही, पण नेमणूकपत्रात 'बेसिक' निघालं तर फरक १५,४०० चा होतो, तेव्हा विचार करायला हरकत नाही.

नव्या कंपनीने नोटीसचे पैसे भरून देण्याचं कबूल केलं असेल तर दुरुस्त हिशेबाचं पत्रक हातात आल्यावरच तिथे दावा टाका. २६,६०० दाखवून पैसे घेतले आणि नंतर जुन्या कंपनीने ४,२०० परत केले, तर नव्या ठिकाणी पहिल्याच महिन्यात खुलासे करत बसावं लागेल.